डोंगरातलं धूसरपण काढताना फोटो करकरीत का होतो?

प्रश्न: डिसेंबरमध्ये सकाळी आठच्या सुमारास कळसूबाईच्या माथ्यावरून दक्षिणेकडचा फोटो काढला. पुढे माथ्याजवळची कारवी आणि वाळलेलं गवत, खाली भंडारदऱ्याचं पाणी, मध्ये रतनगड आणि त्याच्या मागे डावीकडे हरिश्चंद्रगड. रॉ फाइल आहे. मागचे डोंगर अगदी फिके दिसतात म्हणून लाइटरूममध्ये डीहेझ ६० आणि क्लॅरिटी ४० केली. त्यावर पुढची झुडपं काटेरी झाली, रतनगडाच्या कडेने पांढरी रेघ आली, सावल्या जांभळ्या झाल्या आणि आकाशात डाग उठले. कमी केलं की पुन्हा सगळं फिकं. मध्यममार्ग सापडत नाही. नक्की काय करावं?

उत्तर:

मध्यममार्ग सापडत नाही याचं कारण असं की तुमच्या फोटोत एकच धूसरपणा नाही, निदान तीन आहेत, आणि तुम्ही तिन्हींवर एकच आकडा लावता आहात. कारवी तुमच्यापासून काही मीटरवर आहे, रतनगड सुमारे ११ किलोमीटरवर, हरिश्चंद्रगड सुमारे २४ किलोमीटरवर. धूसरपणा अंतराबरोबर वाढतो, आणि तो काढायला लागणारा जोर सरळ रेषेत न वाढता फार वेगाने वाढतो. तेवढं एकदा नीट लक्षात आलं की पुढची सगळी कामं त्यातूनच निघतात, म्हणून आधी तेच सांगतो.

डोंगरावरून निघालेला प्रकाश तुमच्यापर्यंत येताना दोन गोष्टी होतात. त्यातला काही भाग हवेतले कण वाटेत विखरून टाकतात. शिवाय तेच कण सूर्याचा प्रकाश तुमच्या लेन्सकडे वळवतात आणि तो डोंगराच्या प्रकाशात मिसळतो. कॅमेऱ्यात जे येतं ते असं मांडता येतं:

```
I = J·t + A·(1 − t)
t = e^(−β·d)
```

इथे J म्हणजे डोंगराचा खरा प्रकाश, A म्हणजे हवेचा स्वतःचा उजेड, d म्हणजे अंतर, β म्हणजे हवा किती धूसर आहे ते सांगणारा आकडा, जो दृश्यता कमी झाली की वाढतो, आणि t म्हणजे डोंगराच्या प्रकाशातला जो वाटा तुमच्यापर्यंत पोचला तो. समजा त्या दिवशी दृश्यता ४० किलोमीटर होती, म्हणजे हिवाळ्याच्या मानाने बरीच चांगली. त्या हवेत रतनगडाचा मूळ कॉन्ट्रास्ट साधारण ३४ टक्के उरतो आणि हरिश्चंद्रगडाचा जेमतेम ९ ते १० टक्के. दृश्यता २० किलोमीटरवर आली की रतनगड १२ टक्क्यांवर येतो आणि हरिश्चंद्रगड १ टक्क्याच्याही खाली जातो.

याचा अर्थ असा की चांगल्या हवेतही रतनगड पूर्ववत करायला त्याचा कॉन्ट्रास्ट तिप्पट ताणावा लागेल, हरिश्चंद्रगडाचा दहापट, आणि कारवीला काहीच करायला नको. फोटोतला नॉइजही त्याच पटीने ताणला जातो. तुमचं डीहेझ ६० रतनगडाला जवळपास पुरतं, कारवीला मात्र ते चिरडून टाकतं आणि हरिश्चंद्रगडावर फक्त दाणे उठवतं. म्हणून पहिला निर्णय हा की प्रत्येक थराला वेगळी वागणूक द्यायची. दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा आहे. कुठल्याही थराचं धूसरपण पूर्ण काढायचं नाही. मागचा डोंगर पुढच्यापेक्षा फिका आणि निळसर असतो, त्यावरूनच आपल्या डोळ्याला खोली कळते. ती उतरंड मोडली की आकडे कितीही सौम्य असोत, फोटो बनावट वाटतो.

आता तयारी. डीहेझला हात लावण्याआधी लेन्स प्रोफाइल चालू करा, कारण कोपऱ्यांतला काळोख डीहेझने कैक पट वाढतो आणि मग तो आकाशातल्या ढगळ पट्ट्यासारखा दिसतो. व्हाइट बॅलन्सही आधीच ठरवा, कारण तो नंतर बदललात तर डीहेझने गडद केलेल्या सावल्यांचा रंग वेगळ्याच बाजूला झुकतो आणि सगळे आकडे पुन्हा जुळवावे लागतात. आकाशातले डाग बहुधा सेन्सरवरच्या धुळीचे आहेत. ते आधीपासून होतेच, डीहेझने ते वर आणले. म्हणून डीहेझ तात्पुरतं ८० वर नेऊन सगळे डाग हीलने पुसा आणि मग ते शून्यावर आणा. नॉइज रिडक्शनही याच टप्प्यावर करा. ताणून झाल्यावर नॉइज पुसायला गेलात तर कड्याचे पोतही त्याबरोबर जातात.

यानंतर पूर्ण फोटोवर डीहेझ फक्त ८ ते १० ठेवा. त्याहून जास्त नको. एकाच फोटोवरून धूसरपणा ओळखणारी कुठलीही पद्धत शेवटी अंदाजच बांधत असते. २००९ साली हे, सुन आणि टँग यांनी मांडलेली डार्क चॅनल पद्धत त्यातली सर्वात प्रसिद्ध आहे, आणि डार्कटेबलचं हेझ रिमूव्हल मॉड्यूल तिच्यावरच उभं आहे. तिचं गृहीतक असं की स्वच्छ हवेत आकाश सोडून फोटोच्या जवळजवळ प्रत्येक छोट्या तुकड्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी निदान एक रंग कुठेतरी काळ्याच्या जवळ जातो. तसं झालं नाही तर तिथे धूसरपणा आहे असं मानायचं. आता भंडारदऱ्याचं चमकणारं पाणी घ्या. ते मुळातच उजळ आणि रंगहीन आहे, काळं त्यात काही नाहीच. साहजिकच अशी पद्धत त्याला धूसरपणा समजते आणि पाण्याची चकाकी राखाडी करून टाकते. लाइटरूममध्येही पाण्याचं जरा जास्त डीहेझने असंच होताना दिसेल. थरागणिक मास्क वापरण्याचं हे आणखी एक कारण.

मास्क कसा करायचा ते रतनगडावर सविस्तर सांगतो, कारण फोटोचा जीव तिथेच आहे. बरेच जण ब्रशने डोंगराची कड रंगवत बसतात आणि कडेवर थोडं सांडतंच. त्यापेक्षा धूसरपणाचाच उपयोग करून घ्या. धूसर फोटोत उजळपणा अंतराच्या मागे जातो, जितकं दूर तितकं उजळ. म्हणजे ल्युमिनन्स रेंज हाच तुमचा अंतराचा नकाशा आहे. (लाइटरूममधली डेप्थ रेंज इथे कामाला येत नाही. तिला फाइलमध्ये खोलीची माहिती लागते, आणि ती काही फोनच्या फोटोंतच असते.) आधी एक लिनिअर ग्रेडियंट काढा, जो पाण्याच्या अलीकडच्या काठापाशी सुरू होऊन रतनगडाच्या पायथ्याशी पूर्ण भरेल. मग त्याला ल्युमिनन्स रेंजशी इंटरसेक्ट करा आणि रेंज अशी सरकवा की रतनगडाची रांग लाल दिसेल, हरिश्चंद्रगड दिसणार नाही. रेंजची दोन्ही टोकं मऊ ठेवा. ग्रेडियंटची गरज अशासाठी की उन्हातलं वाळलेलं गवत रतनगडाइतकंच उजळ असतं आणि नुसत्या ल्युमिनन्स रेंजमध्ये तेही सापडतं. शेवटी सिलेक्ट स्काय वापरून आकाश वजा करा.

या मास्कमध्ये डीहेझ २० ते २५ द्या आणि थांबा. उरलेलं काम कर्व्हने करायचं. हे का, ते वरच्या सूत्रातच आहे. हवेचा उजेड ही मिसळलेली गोष्ट आहे, तेव्हा ती वजा करायला हवी. कर्व्हचा खालचा डावा बिंदू उजवीकडे सरकवणं म्हणजे नेमकं तेच, गडद बाजूने ठरावीक प्रकाश काढून घेणं. आणि कर्व्ह तुम्हाला हे रंगागणिक करू देतो, जे डीहेझचा स्लायडर देत नाही.

रतनगडाच्या कड्यातली सर्वात गडद सावली शोधा, खुट्ट्याच्या सुळक्याच्या सावलीची बाजू यासाठी चांगली. तिथे माउस नेला की हिस्टोग्रामखाली तिन्ही रंगांचे टक्के दिसतात. तुमच्यासारख्या फोटोत ते साधारण लाल ३८, हिरवा ४४, निळा ५२ असे येतील. स्वच्छ हवेत तीच सावली दहाच्या आसपास आणि जवळजवळ रंगहीन असती. म्हणजे हवेने तिन्ही रंगांत भर घातली, निळ्यात सर्वात जास्त. डीहेझने हे आकडे तिशीच्या आसपास आले की मास्कच्या कर्व्हमध्ये निळ्या चॅनलचा खालचा बिंदू थोडा उजवीकडे घ्या, हिरव्याचा त्याहून कमी, लालचा त्याहूनही कमी किंवा अजिबात नाही. लक्ष्य ठेवा लाल २६, हिरवा ३०, निळा ३६ च्या जवळपास. दहापर्यंत नेऊ नका. निळा लालपेक्षा थोडा वरच राहिला पाहिजे, त्या आठ-दहा टक्क्यांत अकरा किलोमीटरची हवा आहे.

तुमच्या जांभळ्या सावल्यांचा उलगडाही इथेच होतो. डीहेझ कॉन्ट्रास्ट वाढवताना रंगाची तीव्रताही वाढवतो. सावलीत उरलेला निळा मग तीव्र होतो, आणि सकाळच्या उन्हासाठी व्हाइट बॅलन्स उबदार केलेला असेल तर तो जांभळ्याकडे झुकतो. मास्कमध्ये सॅच्युरेशन १० ने कमी करा आणि टेम्प ३-४ ने वाढवा. एवढ्याने न भागल्यास टिंट जरा हिरव्याकडे न्या. निळेपणा पूर्ण मारण्याच्या मागे लागू नका. फेब्रुवारीनंतर काढलेल्या फोटोंत प्रश्न उलटा होतो. तेव्हा हवेत धूळ असते, वणव्यांचा आणि शेतात भाजलेल्या राबाचा धूर असतो, आणि धूसरपणा निळा नसून मातकट असतो. तिथे डीहेझ सगळं नारिंगी करतो. त्या फोटोंत वर सांगितलेला चॅनलचा क्रम चालत नाही, सावलीतले आकडे वाचून जो रंग जास्त असेल तोच जास्त वजा करायचा.

आता लोकल कॉन्ट्रास्ट, म्हणजे करकरीतपणाचं खरं मूळ. डीहेझ, क्लॅरिटी, टेक्स्चर आणि शार्पनिंग ही चारही साधनं कॉन्ट्रास्टच वाढवतात. फरक आकाराचा आहे. डीहेझचा परिणाम मोठ्या भागावर होतो, क्लॅरिटीचा मध्यम आकारावर, टेक्स्चरचा बारीक पोतावर आणि शार्पनिंगचा थेट कडांवर. अकरा किलोमीटरवरच्या कड्यात बारीक पोत लेन्सपर्यंत पोचलेलाच नसतो. हवेने आणि उष्णतेच्या थरथरीने तो वाटेतच पुसलेला असतो. तिथे टेक्स्चर वाढवलं की पोत सापडत नाही, नॉइज सापडतो. म्हणून दूरच्या डोंगराला फक्त मोठ्या आकाराचा कॉन्ट्रास्ट द्यायचा, म्हणजे सोंडा, घळी आणि कड्यांचे टप्पे एकमेकांपासून सुटे होतील एवढाच. रतनगडाच्या मास्कमध्ये क्लॅरिटी ८ ते १२ आणि टेक्स्चर शून्य ठेवा.

क्लॅरिटीने समाधान झालं नाही तर फोटोशॉपमध्ये एक जुनी रीत आहे, ती मला आजही जास्त आवडते. लेयरची प्रत काढायची, अनशार्प मास्कमध्ये अमाउंट १५ ते २० टक्के, रेडियस ५० ते ६० पिक्सेल, थ्रेशोल्ड शून्य ठेवायचा, आणि लेयर ल्युमिनॉसिटी मोडवर नेऊन रंगांना धक्का लागू द्यायचा नाही. रेडियस एवढा मोठा असल्याने बारीक दाण्याला तो जवळजवळ हात लावत नाही आणि डोंगराचे आकार मात्र उठून येतात. हे आकडे साधारण २४ मेगापिक्सेलच्या फाइलसाठी आहेत. फाइल मोठी असेल तर रेडियसही तेवढ्या प्रमाणात वाढवा.

रतनगडाच्या कडेने आलेली पांढरी रेघ याच साधनांतून येते. लोकल कॉन्ट्रास्टची साधनं प्रत्येक ठिकाणाची तुलना आसपासच्या भागाच्या सरासरीशी करतात. डोंगराची कड गडद आणि आकाश उजळ, त्यामुळे कडेजवळच्या आकाशाला आजूबाजूची सरासरी कमी वाटते आणि ते आणखी उजळ होतं. डोंगराची कड तशीच आणखी काळी होते. मास्कमधून आकाश वजा केल्याने यातला आकाशाकडचा भाग बराच जातो. तरी रेघ उरली तर क्लॅरिटी निम्मी करा, कारण रेघ तिच्या प्रमाणात वाढते. आणि मास्क आकाशाच्या आत तीन-चार पिक्सेल शिरला आहे का ते २०० टक्क्यांवर पाहा. शिरला असेल तर कडेवरून मऊ ब्रशने, कमी फ्लो ठेवून, तेवढा पट्टा वजा करा. रेघेवर गडद रंग फिरवून ती झाकू नका, झाकलेली रेघ छपाईत हमखास दिसते.

आकाशाला वेगळं डीहेझ देऊ नका. क्षितिजाला टेकलेलं आकाश हे जवळजवळ निव्वळ हवेच्या उजेडाचंच बनलेलं असतं, सूत्रातला A तोच. सगळे डोंगर दूर जाताना त्याच रंगाकडे सरकतात. म्हणून क्षितिजाचा पट्टा फोटोतल्या प्रत्येक डोंगरापेक्षा उजळ राहायलाच हवा. तो गडद केला की मागचे डोंगर आकाशापुढे चमकू लागतात, आणि तसं त्या सकाळी तुम्ही पाहिलेलं नसतं. आकाशाचा वरचा भाग गडद हवा असेल तर वरून एक हलका ग्रेडियंट आणून एक्स्पोजर पाव स्टॉप कमी करा, क्षितिजाच्या बराच वर थांबवून.

हरिश्चंद्रगडाकडून फार अपेक्षा ठेवू नका. सकाळी आठला डिसेंबरचा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे तुमच्या डावीकडे, आणि हरिश्चंद्रगड रतनगडापेक्षा त्याच्या जास्त जवळ. सूर्याच्या दिशेने पाहताना धुळीचे आणि बाष्पाचे कण प्रकाश जास्त विखरून पुढे फेकतात, म्हणून फोटोची डावी बाजू मुळातच जास्त दुधाळ आहे. या थराला वेगळा मास्क करून डीहेझ १० ते १२, क्लॅरिटी शून्य, टेक्स्चर उणे १० आणि नॉइज २५ असं द्या. त्याची सर्वात गडद जागा ४५ टक्क्यांच्या खाली नेऊ नका. आकाशरेषा स्वच्छ वाचता आली, माथ्याचा आकार ओळखू आला, एवढं पुरे. त्याच्या अंगावरच्या घळी दाखवायचा हट्ट धरलात की दाणे आणि पट्टे दिसू लागतात.

पुढच्या वेळी तिथून फोटो काढताना ट्रायपॉड लावून तेच दृश्य आठ वेळा टिपा आणि फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट करून मीन स्टॅक मोडने त्यांची सरासरी घ्या. नॉइज आठच्या वर्गमूळाने, म्हणजे जवळजवळ तिपटीने कमी होतो, आणि तेवढीच जास्त ताण देण्याची मुभा हरिश्चंद्रगडाच्या थराला मिळते. एक्स्पोजरही आकाश फुटू न देता जितकं उजळ घेता येईल तितकं घ्या. धूसर दृश्याचा हिस्टोग्राम अरुंद असतो, त्यामुळे उजवीकडे सरकवायला जागा मिळते. पोलरायझर सूर्यापासून ९० अंशांवर सर्वात चांगला चालतो. तुमची दिशा सूर्यापासून साठेक अंशांवर होती, म्हणजे त्याचा उपयोग थोडाफार झाला असता. दाट धुकं असेल तर तो जवळजवळ काहीच करत नाही. धुक्याच्या थेंबांपुढे वर सांगितलेला रंगांचा हिशोबही थांबतो, कारण थेंब सगळे रंग सारखेच विखरतात.

पुढच्या कारवीला आणि गवताला डीहेझ नकोच. पूर्ण फोटोवर दिलेले ८-१० सुद्धा तिथे जाचत असतील तर खालून ग्रेडियंट आणून त्यात डीहेझ उणे ८ करा. टेक्स्चर मात्र इथे ८-१० चालतं, कारण पोत खरोखर टिपला गेला आहे. शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून ७० च्या आसपास न्या, म्हणजे पडदा काळा होऊन फक्त पांढऱ्या कडा उरतील. दूरचे डोंगर आणि आकाश त्यात काळे राहिले पाहिजेत.

तपासणी दोन आकारांत करा. आधी फोटो तात्पुरता कृष्णधवल करून छोटा करा आणि उतरंड पाहा. पुढून मागे प्रत्येक थराची सर्वात गडद जागा आधीच्यापेक्षा उजळ हवी. तुमच्या फोटोत ती कारवीत ६-८, रतनगडात तिशीच्या जवळ, हरिश्चंद्रगडात ४५ च्या वर आणि क्षितिज ७० च्या पुढे अशी बसेल. कुठे दोन थर सारखेच गडद झाले असतील तर मागच्या मास्कची अमाउंट कमी करा, पुढच्या थराला आणखी काळं करू नका. मग १०० टक्क्यांवर रतनगडाची कड डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवून पाहा. पांढरी रेघ, कड्यातले दाणे आणि आकाशातले पट्टे या तीन गोष्टी तिथेच पकडता येतात. मग अर्धा तास दुसरं काही करा आणि परत येऊन सगळ्या मास्कची अमाउंट ८० टक्क्यांवर आणा. डोळा ताणलेल्या कॉन्ट्रास्टला लवकर सरावतो, आणि मला तरी तो ८० टक्क्यांचा फोटोच जवळजवळ दर वेळी बरोबर वाटला आहे.

एक्स्पोर्ट करताना, विशेषतः फोनवर पाहण्यासाठी लहान आकार करत असाल तर, आउटपुट शार्पनिंग लो ठेवा किंवा बंदच करा. फोटो लहान केला की लोकल कॉन्ट्रास्ट आपोआप जास्त टोकदार दिसतो, आणि पूर्ण आकारात बरा वाटणारा फोटो १०८० पिक्सेलमध्ये पुन्हा करकरीत होऊ शकतो. जेपेग क्वालिटी ८५ च्या खाली नेलीत तर रतनगडाच्या मागच्या मऊ उतारात आणि आकाशात चौकोन उमटतात, तेव्हा निदान या फोटोसाठी ती ९० ठेवा.